वन्संचं चावीचं घड्याळ

माझ्या नणंदेला मी लग्न झाल्यापासून ‘वन्सं’ म्हणत आले. हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण माझ्या नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, दणदणीत आवाजाची, स्वतःच्या कमाईवर घर उभं केलेली बाई. तिला नुसतं ‘ताई’ म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनी तो शब्द ऐकला आणि खो खो हसल्या. “म्हण बाई, म्हण. निदान एका माणसाला तरी माझा धाक आहे असं वाटेल.”

वन्सं लोकांना मोटार चालवायला शिकवायच्या. त्यांची गाडी लहान, पांढरी, छतावर पिवळी पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असलेली. त्यांच्याकडे येणारी बहुतेक माणसं घाबरलेली असायची. उतारवयात शिकायला निघालेल्या बायका, एकदा अपघात होऊन धीर खचलेली माणसं, नवऱ्याने ‘तुला नाही जमायचं’ म्हणून घरी बसवलेल्या सुना. दुसरीकडे जमलं नाही की लोक वन्संकडे यायचे. त्या कधी ओरडायच्या नाहीत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : “घाबर, खुशाल घाबर. फक्त पाय हलवू नकोस.” मी स्वतः त्यांच्याकडेच शिकले, म्हणून सांगते, त्या वाक्याने खरंच धीर यायचा. घाबरू नकोस असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, “पुरुष कसा आहे हे कळायला लग्न कशाला लागतं? मागच्या गाडीने हॉर्न वाजवला की पाच मिनिटांत कळतं.” समोरचा हसला की विषय संपायचा. खरं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, पण ते त्यांचं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

आमच्या घरात वन्संची खोली जिन्याशेजारी होती आणि माझी मुलगी चिंगी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली, असं म्हटलं तरी चालेल. मी दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. नवरा छापखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. शाळेतून आणणं, जेवू घालणं, गुडघा फुटला की मलम लावणं, हे सगळं वन्संच्या दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात व्हायचं. चिंगी माझ्या पोटची, पण हट्ट करायची तो आत्याकडे. मला याचा कधी कधी हेवा वाटायचा. लपवण्यात काय अर्थ आहे?

चिंगी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी वन्संचं वजन उतरायला लागलं. आधी त्यांनी ते थट्टेवर नेलं, मग कंबरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग एक दिवस शिकाऊ मुलीला अर्ध्या रस्त्यात गाडी कडेला घ्यायला सांगितली, कारण पोटातली कळ त्यांना सोसेना. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. शस्त्रक्रियेची वेळ गेलेली आहे, औषधांनी त्रास कमी ठेवता येईल, काही महिने हातात आहेत. वर्षाची आशा धरू नका.

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट ठरवली ती म्हणजे चिंगीला यातलं काही कळू द्यायचं नाही. “आत्याच्या पोटाला सूज आहे, औषध चालू आहे,” एवढंच सांगायचं. नवरा माझ्या बाजूने होता. वन्सं काही बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याला मी होकार धरलं.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, “आज तुला सुट्टी आहे ना? मला एक घड्याळ घ्यायचंय. तू गाडी चालव, मी बाजूला बसते. तेवढीच सवय.”

“कुणासाठी?” गाडीत बसल्यावर मी विचारलं.

“चिंगीसाठी. आत्ता नाही द्यायचं. तिच्या अठराव्या वाढदिवसाला दे. माझ्याकडून.”

मी स्टिअरिंगकडे बघत राहिले. त्यांनी सीटचा पट्टा लावला आणि सवयीने आरसा नीट केला, जणू मीच आज शिकायला आले होते.

दुकान दोन कापडाच्या दुकानांमध्ये अंग चोरून उभं असल्यासारखं होतं. आत एक लांब काचेचं काउंटर, मागे भिंतभर घड्याळं, आणि कोपऱ्यात दिव्याखाली दुरुस्तीचं टेबल. दुकानदार साठीच्या आसपासचे, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांनी वन्संना खुर्ची दिली, कारण त्यांचा चेहरा बघून कुणीही दिली असती.

“कुणाला भेट द्यायचंय?”

“मुलीला. अठराव्या वाढदिवसाचं.”

दुकानदारांनी आधी त्यांच्या मते सोपं ते काढलं. काळ्या काचेची स्मार्ट घड्याळं. “आजकाल मुलींना हेच हवं असतं. पावलं मोजतं, नाडी दाखवतं, फोनवरचे निरोप मनगटावर येतात. दोन हजारांपासून सुरुवात आहे, पण त्यांत फार राम नाही. बरं घ्यायचं तर पाच ते आठ, आणि नाववाल्या कंपन्यांचं पंचवीस-तीस आणि पुढे.”

“चार्जिंग?”

“साधं असेल तर आठवडाभर चालतं. महागडी बहुतेक दीड-दोन दिवस.”

मग दुसरा ट्रे आला. क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी. सडपातळ, नाजूक, पांढऱ्या तबकड्यांची. “दीड हजारापासून सहा-सात हजारांपर्यंत चांगली मिळतात. वेळेला सगळ्यांत पक्की ही. महिन्यात पंधरा-वीस सेकंदांचा फरक. दोन-तीन वर्षांनी सेल बदलायचा, बाकी काही बघायचं नाही.” आणि शेवटी, जरा आदराने, तिसरा ट्रे. “ही मेकॅनिकल. सेल नाही, आत स्प्रिंग. ऑटोमॅटिक म्हणजे हात हलला की आपोआप चावी बसते. आणि ही चावीची, रोज हाताने द्यायची. नवी चांगली घ्यायची तर नऊ-दहा हजारांच्या पुढे धरा, ऑटोमॅटिक बारा-पंधराच्या पुढे. वरची हद्द विचारू नका.”

“आणि वेळ?”

“दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडे तिकडे. वेळेच्या बाबतीत दीड हजाराचं क्वार्ट्झ पंधरा हजारांच्या मेकॅनिकलला हरवतं. हे मी विकतो म्हणून लपवणार नाही.”

मला माणूस आवडला. वन्संनाही आवडला असावा, कारण त्या पुढे झुकल्या.

“मुलीला घेऊन या ना,” ते म्हणाले. “मनगट मोजलं की तबकडी केवढी हवी ते कळेल. मुलींची मनगटं चौदा ते सोळा सेंटिमीटर असतात. बेचाळीस मिलिमीटरचं घड्याळ घातलं तर बशी बांधल्यासारखं दिसतं.”

“मुलगी आत्ता तेरा वर्षांची आहे.”

दुकानदार हसले. “मग आत्ता कशाला घाई? पाच वर्षांनी या. तोवर नवनवीन येईल.”

“पाच वर्षांनी मी नसणार,” वन्सं म्हणाल्या. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या.

दुकानदारांनी कपाळावरचं भिंग काढून काउंटरवर ठेवलं. ‘अरेरे’ म्हणाले नाहीत, ‘देवाची इच्छा’ म्हणाले नाहीत. त्यांनी स्मार्ट घड्याळांचा ट्रे उचलून परत आत ठेवला.

“मग हे नको,” ते म्हणाले. “पाच वर्षं पेटीत पडलं तर आतली बॅटरी मरेल. आणि मेली नाही तरी तोवर कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलेलं असेल. नव्या फोनशी जुळेल की नाही, सांगता येत नाही. सेलचं ठेवता येईल, पण सेल आत ठेवून नाही. संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो आणि मशीन खातो. मी सेल काढून देतो. पाच वर्षांनी कुठेही नवा टाकून घ्यायचा. बहुतेक चालेल.”

“बहुतेक.”

“आत तेल असतं, ताई. थेंबसुद्धा नाही, सुईच्या टोकावर मावेल इतकं. पडून राहिलं की ते घट्ट होतं. मेकॅनिकलमध्ये तर जास्तच. पेटीतून काढाल तेव्हा आधी पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालावं लागेल. त्याचे दोन-तीन हजार वेगळे. पण एक आहे, जोवर सुटे भाग आणि हात बसलेला माणूस मिळतो तोवर ते परत उभं राहतं. आणि चामड्याचा पट्टा तर पडून पडून तडकेल, नाहीतर बुरशी धरेल. तो तेव्हाच नवा घ्या.”

वन्सं बराच वेळ त्या ट्रेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “समजा पेटीत ठेवलंच नाही. रोज वापरलं. मग?”

“मग उत्तमच की. चार-पाच वर्षांनी एकदा सर्व्हिसिंग, आणि पाण्यापासून सांभाळायचं. चालतं घड्याळ पडून राहिलेल्यापेक्षा केव्हाही बरं.”

“गाडीचं तसंच असतं,” वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या. “उभी ठेवली की बॅटरी जाते, टायर बसतात, रबरं कडक होतात. लोक म्हणतात, अहो वापरलीच नाही, नवी आहे.” त्यांनी एका घड्याळाला बोट लावलं. “मी तिला हे आत्ताच देणार.”

माझ्या लगेच लक्षात आलं, त्या काय म्हणतायत ते. आत्ता वाढदिवस नाही, परीक्षेचा निकाल नाही, काही नाही. दहा हजारांचं घड्याळ आत्या अशीच का देते, हे चिंगी विचारणार. आणि या वेळी वन्सं खोटं सांगणार नाहीत.

“वन्सं, आपलं ठरलं होतं,” मी म्हणाले.

“तुमचं ठरलं होतं.”

दुकानदार उठून दुरुस्तीच्या टेबलाशी गेले आणि उगाच एक ड्रॉवर उघडून त्यात शोधाशोध करू लागले.

ते घड्याळ आम्ही त्या दिवशी घेतलं नाही. वन्संनी ‘पुन्हा येतो’ सांगितलं आणि आम्ही गाडीत येऊन बसलो. मी गाडी सुरू केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संवर आवाज चढवला. तेरा वर्षांची पोर आहे, तिच्या अभ्यासाचं काय, तिच्या झोपेचं काय, तुम्ही जाल, मागे मला निस्तरावं लागेल. जे जे मनात साठलं होतं ते सगळं ओतलं. त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “ती मला रोज विचारते, आत्या, तू कधी बरी होणार? आणि मी रोज काहीतरी थापा मारते. मला आता ते झेपत नाही गं. पोटातल्या दुखण्याला औषध आहे. याला नाही.”

मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. “मी गेल्यावर तिला कळेल की सगळ्या घराला माहीत होतं. मग तिने कुणावर विश्वास ठेवायचा? तुझ्यावर?”

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “चल, निघ आता. मागे गाडी थांबलीय, त्याला जागा हवी आहे.”

नवऱ्याला पटायला अजून काही दिवस गेले. तो बोलला फार कमी. शेवटी एकदा जेवता जेवता घास हातात धरून म्हणाला, “ताई जे म्हणेल ते करू.” एवढंच. आणि जेवण तसंच टाकून उठला.

दुसऱ्यांदा दुकानात आम्ही चिंगीला न घेताच गेलो, पण तिच्या मनगटाचं माप घेऊन. मी झोपलेल्या चिंगीच्या मनगटाला दोरा गुंडाळून आणला होता. साडेतेरा सेंटिमीटर. दुकानदारांनी टेप काढून वन्संचंही मनगट मोजलं, मोठेपणी केवढं होईल त्याचा अंदाज घ्यायला. घराण्याची हाडं सारखी असतात म्हणे. टेप ज्या आकड्यावर थांबली तो त्यांनी मोठ्याने वाचला नाही. “हे धरून चालत नाही,” वन्संच म्हणाल्या. “आधी सोळा होतं.”

घड्याळ निवडायला मात्र त्या दिवशी गंमत आली. हसू येईल असे दिवस तेव्हा कमी होते, म्हणून आठवतं. मला ऑटोमॅटिक हवं होतं. “अहो, ती पोरगी स्वतःचे केस रोज विंचरत नाही, ती चावी काय देणार!” दुकानदार म्हणाले, ऑटोमॅटिकसुद्धा दिवसातले आठ-दहा तास हातावर हवं. शाळेतून आल्यावर काढून ठेवलं आणि दोन दिवस सुट्टी आली की बंद. शिवाय त्यांच्याकडची ऑटोमॅटिक चाळीस मिलिमीटरच्या पुढची, जाड. चिंगीच्या हातावर ती शर्टाच्या बाहीतच अडकली असती. चावीचं होतं ते छत्तीस मिलिमीटरचं, चपटं, पांढऱ्या तबकडीचं, साधे काळे आकडे. दुकानदारांनी ते उपडं करून दाखवलं. वरच्या आणि खालच्या कानांचं, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांचं, अंतर मनगटाच्या सपाट भागाबाहेर जाता कामा नये. गेलं तर कितीही सुंदर घड्याळ असो, ते हातावर बसत नाही, तरंगतं.

“पट्ट्याची जागा अठरा मिलिमीटरची आहे,” ते म्हणाले. “हे सगळ्यांत सोयीचं माप. अठराचा पट्टा कुठल्याही गावात, केव्हाही मिळतो. आत्ता आखूड कापडी पट्टा लावतो, धुता येईल. मोठी झाली की लांब चामड्याचा लावा. घड्याळ तेच, पट्टा वयाप्रमाणे.”

अकरा हजारांना पडलं. मला जास्त वाटले. एवढे कुठून, असं वन्संना विचारलं तर म्हणाल्या, “शिकवणीची गाडी विकली त्यातले आहेत.” दारात दिसत नव्हती ती दुरुस्तीला गेली असेल असं मी धरलं होतं, विकल्याचं मला तेव्हा कळलं.

दिलं ते रविवारी दुपारी, वन्संच्या खोलीत. मी दारात उभी होते, आत जायचा धीर होत नव्हता. चिंगीने पेटी हातात घेऊन हलवली आणि तिचे डोळे चमकले. वर्गातल्या निम्म्या मुलींकडे स्मार्ट घड्याळ होतं आणि तिने वर्षभर घरात त्याचा घोशा लावला होता. पेटी उघडली आणि चेहरा पडला. लपवायचा तिने प्रयत्न केला, पण तेरा वर्षांच्या मुलीला तो कितीसा जमणार!

“छान आहे,” ती म्हणाली. मग न राहवून, “याच्यात फोन येतो?”

“नाही.”

“पावलं?”

“तू मोज.”

“मग हे करतं काय?”

“वेळ सांगतं,” वन्सं म्हणाल्या. “तेही तू रोज चावी दिलीस तर.”

चिंगीने विचारलंच. आत्ता का? माझा वाढदिवस तर लांब आहे. वन्संनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, पण घाईही केली नाही. एकेक वाक्य बोलून थांबायच्या, तिच्याकडे बघायच्या, मग पुढचं. मी शिकत असताना चौकात शिरायच्या आधी त्या मला असंच थांबायला लावायच्या.

चिंगी रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती रडली नाही, संतापली. पेटी पलंगावर टाकून उभी राहिली. “मला नको हे! तू मरणार म्हणून देतेस! मला नको!” मला ढकलून ती बाहेर गेली आणि स्वतःच्या खोलीचं दार तिने असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मी वन्संकडे बघितलं ते, खरं सांगते, रागाने बघितलं. बघा, मी म्हटलं नव्हतं? पण त्यांचा चेहरा बघून मी तोंड मिटलं.

चिंगी आत्याच्या खोलीत यायची बंद झाली. शाळा, जेवण, खोली. मी समजावायला गेले की भिंतीकडे तोंड करून झोपायची. घड्याळ वन्संच्या टेबलावर होतं. मी एकदा त्याला चावी द्यायला हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, “राहू दे. ज्याचं आहे तो देईल.” ते केव्हा बंद पडलं ते आम्हाला कळलंही नाही. घड्याळ बंद पडताना आवाज होत नाही. होत असलेला थांबतो.

त्या आठवड्यात वन्संना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी आम्ही परत आलो तेव्हा संध्याकाळ होती. चिंगी त्यांच्या पलंगावर बसलेली होती, हातात ते घड्याळ.

“चालत नाहीये,” ती म्हणाली. आवाज घोगरा. “मी बिघडवलं का?”

“नाही. भूक लागलीय त्याला. ये इकडे.”

वन्सं आडव्या झाल्या आणि तिला शिकवू लागल्या. हातातून काढून चावी द्यायची, घातलेलं असताना नाही. बाजूची छोटी गोल मूठ बोटांच्या चिमटीत धरून पुढे फिरवायची. वीस-पंचवीस वेढे होतील, मग एका ठिकाणी ती स्वतःच अडते. तिथे थांबायचं. तिथून पुढे जोर केलास तर स्प्रिंग तुटेल. एकदा दिली की दीड दिवस चालतं, पण रोज एकाच वेळी दे, म्हणजे त्यालाही सवय आणि तुलाही. चिंगी जीभ दातांत धरून फिरवत होती. मूठ अडली तशी तिने आत्याकडे बघितलं. मग घड्याळ कानाला लावलं आणि तशीच बसून राहिली. तिचे डोळे भरून वाहायला लागले. ती तिथेच, आत्याच्या कुशीत शिरून रडली. मी दार लोटून घेतलं.

त्यानंतरचे दिवस मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. घरात एक माणूस मरत होतं, आणि घर इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. चिंगी वाट्टेल ते विचारायची. दुखतं कसं? भीती वाटते का? मेल्यावर तुला थंडी वाजेल का? मी असते तर ‘गप्प बस’ म्हटलं असतं. वन्सं उत्तरं द्यायच्या. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायच्या. भीतीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “वाटते ना. खूप.” सकाळी शाळेत जायच्या आधी चावी द्यायचं काम पलंगाच्या कडेला बसून व्हायचं. हळूहळू वन्संना उठून बसवेना, मग बोलवेना. चिंगी घड्याळ त्यांच्या कानाजवळ धरायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या.

त्या गेल्या तेव्हा थंडीचे दिवस सरत आले होते. दारात किती माणसं आली! आम्ही त्यातल्या निम्म्यांना ओळखत नव्हतो. रुग्णवाहिका चालवणारी एक बाई गणवेशातच आली, पाच मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, “माझी कामाची वेळ आहे, पण मला त्यांनी शिकवलं.” बस चालवणारा एक गृहस्थ, पांढऱ्या केसांच्या दोन मैत्रिणी, एक गर्भार मुलगी. रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या अगदी सरळ, नीट लावलेल्या होत्या. नवऱ्याने ते मला दाखवलं आणि रडता रडता आम्ही दोघं हसलो.

महिन्या-दोन महिन्यांनी चिंगी शाळेतून धापा टाकत आली. घड्याळ पळायला लागलं होतं. सकाळी लावलं की संध्याकाळी वीस मिनिटं पुढे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आई, ते मरतंय,” ती म्हणाली. मी तिला तशीच दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी आम्हाला ओळखलं, वन्सं दिसल्या नाहीत तेव्हा सगळं समजलेही, आणि त्याबद्दल एक अक्षर न बोलता त्यांनी एक छोटं होकायंत्र घड्याळाजवळ धरलं. सुई थरथरून वळली.

“याला लोहचुंबकाची बाधा झालीय,” ते चिंगीला म्हणाले. “रात्री कुठे ठेवतेस?”

“टॅबवर. झाकणावर.”

“त्या झाकणात चुंबक असतं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ धावत सुटतं.” त्यांनी ते एका निळ्या डबीसारख्या यंत्रावर ठेवलं, बटण दाबून हळूच उचलून दूर नेलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. पुन्हा होकायंत्र धरलं, सुई जागची हलली नाही. “झालं. काही बिघडलेलं नव्हतं.”

चिंगीने ते हातात घेतलं, आणि तिथे, अनोळखी माणसासमोर, उभ्या उभ्या हुंदके देऊ लागली. दुकानदारांनी तिला वन्संचीच खुर्ची दिली. पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, “याचे मी कुणाकडूनच घेत नाही,” ते खरं असेल किंवा नसेल.

अठरावा वाढदिवस येऊन गेला. त्या दिवशी मी सकाळपासून धास्तावले होते, पण काहीच झालं नाही. केक, मैत्रिणी, रात्री उशिरा येण्यावरून बापलेकीचं भांडण. जेवणं झाल्यावर भांडी विसळताना माझ्या मनात आलं, वन्संनी आधी ठरवलं होतं तसं झालं असतं तर आज कपाटातून ती पेटी मला काढावी लागली असती, आणि त्या पोरीच्या दिवसावर आम्ही एक मरण आणून ठेवलं असतं. माझे हात साबणात तसेच राहिले.

आता चिंगी शिकायला बाहेरगावी असते. स्मार्ट घड्याळ तिने स्वतःच्या कमाईतून घेतलं. सुट्टीत शिकवण्या घेतल्या त्यातून. पळायला जाताना ते घालते. चावीचं इतर वेळी. गेल्या खेपेला आली तेव्हा त्याला तपकिरी चामड्याचा नवा पट्टा होता, तोच अठराचा, पण लांब. मनगट आता पावणेसोळा भरतं, असं तिनेच सांगितलं. स्टेशनवरून घरी येताना ती माझ्याशी एका मैत्रिणीबद्दल बोलत होती, जिच्या वडिलांना काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि घरचे तिला सांगत नाहीयेत. चिंगी म्हणाली, “मी तिला म्हटलं, चल, आपण दोघी जाऊन विचारू.”

मी विचारलं, “मग?”

“गेलो,” ती म्हणाली. “ते सांगत होते, तेव्हा मी तिचा हात धरून बसले होते.”